मर्यादांची चौकट : प्रस्तावना

वैद्यकीय परिषदेतले पोस्टर उभ्या उभ्या वाचले जाते. तीन-चार फुटांच्या एका कागदावर पार्श्वभूमी, उद्दिष्ट, पद्धत, निष्कर्ष आणि मर्यादा अशा चौकटी आखलेल्या असतात. समोर थांबलेला माणूस दोन-तीन मिनिटे देतो आणि पुढच्या पोस्टरकडे वळतो. तेवढ्या वेळात त्याची नजर शीर्षकावर, मधल्या आलेखावर आणि निष्कर्षाच्या शेवटच्या ओळीवर जाते. मर्यादांची चौकट बहुधा खाली उजव्या कोपऱ्यात, बारीक अक्षरांत असते, आणि ‘नमुना लहान होता, मोठ्या अभ्यासाची गरज आहे’ एवढ्या एका वाक्यात ती संपते. हे पुस्तक त्या चौकटीविषयी आहे. नैराश्यावर नेहमीच्या औषधोपचाराच्या जोडीने योग दिला तर काय होते, हे पाहणारा एक छोटा पथदर्शी अभ्यास आणि त्याचे एक पोस्टर, एवढाच त्याचा विषय. असा अभ्यास खरे काय शिकवतो ते मर्यादांमध्येच लिहिलेले असते आणि ती चौकट प्रामाणिकपणे भरली तर शीर्षकापासून निष्कर्षापर्यंत सगळे पोस्टर बदलते, हे माझे म्हणणे मी या प्रस्तावनेत मांडणार आहे.

विषयाला नवा असलेल्या वाचकासाठी तीन शब्द आधी नीट लावून घेऊ. नैराश्य म्हणजे मन खट्टू होणे नव्हे. किमान दोन आठवडे, जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ टिकणारी उदासी किंवा कशातच रस न उरणे, आणि त्याच्या जोडीला झोप, भूक, एकाग्रता, शक्ती यांचे बिघडणे, कधी जगणे नकोसे वाटणे, असा हा आजार आहे. दुसरा शब्द पूरक उपचार. पूरक म्हणजे मूळ उपचार चालू ठेवून त्यात घातलेली भर. मूळ उपचाराऐवजी दिलेली गोष्ट पूरक म्हणता येत नाही. तिसरा शब्द पथदर्शी. मोठा अभ्यास करण्याआधी तो पार पाडता येईल का, हे लहान प्रमाणावर पाहणे म्हणजे पथदर्शी अभ्यास. रुग्ण तयार होतात का, वर्गाला येतात का, शेवटपर्यंत टिकतात का, मोजमापाचे अर्ज पूर्ण भरले जातात का, कोणाला इजा होते का, हे त्याचे प्रश्न आहेत. योगाने नैराश्य बरे होते का, हा प्रश्न त्याचा नाही. या विषयावरच्या बहुतेक चुका हे तीन शब्द सैल वापरल्यामुळे होतात.

योगाला मोजपट्टी लावण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. श्री योगेंद्र यांनी मुंबईत वर्सोव्याला 1918 मध्ये योग संस्था सुरू केली. स्वामी कुवलयानंद, म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे, यांनी 1924 मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक काढले. उड्डियान आणि नौली करताना पोटातला दाब किती बदलतो, हे त्यांनी क्ष-किरण आणि दाबमापकाच्या साहाय्याने पाहिले. इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. कुवलयानंदांचा प्रश्न शरीरक्रियेचा होता. दाब मोजता येतो, आणि पाहणाऱ्याच्या इच्छेने तो खाली-वर होत नाही. नैराश्य मोजताना मात्र रुग्णालाच विचारावे लागते, आणि रुग्णाचे उत्तर त्याच्या आशेने, त्याला मिळालेल्या आपुलकीने, विचारणाऱ्याला काय ऐकायला आवडेल या अंदाजानेही बदलते. लोणावळ्याची पद्धत जशीच्या तशी मनाच्या आजाराला लावता येत नाही, त्यासाठी तुलनेची वेगळी शिस्त लागते.

योगाकडे उपचार म्हणून पाहणाऱ्या परंपराही एकसारख्या नाहीत. पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांच्या संस्थेत, जी 1975 पासून उभी आहे, आसनातली अचूकता आणि खुर्ची, पट्टा, लोड यांसारख्या साधनांचा आधार यांवर भर आहे. सुदर्शन क्रियेसारख्या पद्धतींत श्वासाची लय मध्यवर्ती असते. बंगळुरूच्या ‘निम्हान्स’ने आसन, प्राणायाम आणि शिथिलीकरण यांचा नैराश्याच्या रुग्णांसाठी ठरावीक क्रम तयार केला. आपल्या नाशिकमध्ये योगाचार्य विश्वासराव मंडलिक यांनी 1978 मध्ये सुरू केलेल्या योग विद्या धामाने मराठीतून पायरीपायरीने शिकवण्याची घडी बसवली. मंडलिकांना 2018 मध्ये योगप्रसारासाठीचा पंतप्रधान पुरस्कारही मिळाला. मग ‘योग दिला’ असे पोस्टरवर लिहिले तर नेमके काय दिले? खुर्चीच्या आधाराने केलेली विपरीत करणी आणि जलद श्वसन यांचा परिणाम एकच असेल असे मानायला काही आधार नाही. म्हणून पद्धतीच्या चौकटीत क्रम, मिनिटे, आठवड्यातले दिवस, शिक्षकाचा अनुभव आणि घरच्या सरावाची नोंद एवढे तरी यावे. हे नसेल तर दुसऱ्या कोणालाही तो अभ्यास पुन्हा करून पाहता येणार नाही.

आता नैराश्यावरचा पुरावा. निम्हान्समध्ये झालेला आणि 2000 साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास असंख्य पोस्टरांच्या पार्श्वभूमीत उद्धृत होतो. तीव्र नैराश्यासाठी दाखल झालेले 45 रुग्ण तीन गटांत विभागले गेले, प्रत्येक गटात 15. एका गटाला विद्युतोपचार, दुसऱ्याला इमिप्रामीन हे औषध, तिसऱ्याला सुदर्शन क्रिया. चार आठवड्यांनी आजारातून बाहेर आलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे 93, 73 आणि 67 टक्के होते. टक्केवारीची माणसे केली तर हे 15 पैकी 14, 11 आणि 10 होतात. म्हणजे औषध आणि क्रिया यांतला फरक एका रुग्णाचा. ‘क्रिया औषधाच्या तोडीची ठरली’ असे यावरून म्हणण्याचा मोह होतो. पण 15-15 जणांच्या गटांत खरोखरचा बराच मोठा फरकही लपून राहू शकतो; फरक सापडला नाही याचा अर्थ दोन्ही सारखे आहेत असा होत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे या अभ्यासात क्रिया एकटीच दिली होती, औषधाच्या जोडीने नाही, आणि तीही रुग्णालयात, देखरेखीखाली. पूरक योगाच्या पोस्टरवर हा आकडा आधार म्हणून टाकणे म्हणजे वेगळ्या प्रश्नाचे उत्तर उसने आणणे.

पूरक उपचाराचा प्रश्न नेमका विचारणारा अभ्यास अमेरिकेत झाला आणि 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. औषध चालू असूनही ज्यांचे नैराश्य रेंगाळले होते अशा 122 जणांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी झाली. काहींना दहा आठवडे योगवर्ग, बाकीच्यांना तितकेच आठवडे आरोग्यशिक्षणाचे वर्ग. इथली हुशारी दुसऱ्या गटात आहे. त्या गटालाही घराबाहेर पडणे, ठरलेल्या वेळी माणसांत बसणे, कोणीतरी आस्थेने विचारपूस करणे, हे सगळे मिळाले; मिळाला नाही तो फक्त योग. दहा आठवड्यांनी, म्हणजे आधी जाहीर केलेल्या मोजमापाच्या क्षणी, दोन्ही गटांत ठोस फरक आढळला नाही. पुढच्या महिन्यांच्या पाठपुराव्यात मात्र योगगटाची लक्षणे अधिक कमी होत गेलेली दिसली. संशोधकांनी दोन्ही गोष्टी सांगितल्या. 2013 मध्ये 12 चाचण्या आणि 619 रुग्ण एकत्र पाहणाऱ्या आढाव्यातही असेच चित्र होते. नेहमीच्या उपचारांशी तुलना केली तर योगाचा थोड्या काळापुरता मध्यम लाभ दिसतो, पण शिथिलीकरणाशी किंवा व्यायामाशी तुलना केली की पुरावा विरळ होतो. आज प्रामाणिकपणे म्हणता येते ते एवढेच : योग आशादायक आहे, पण त्यातला किती भाग योगाचा आणि किती सोबतीचा, नियमिततेचा, आशेचा, हे अजून नीट वेगळे झालेले नाही.

या पार्श्वभूमीवर एक पथदर्शी अभ्यास आकड्यांनिशी उलगडून पाहू. पुढचे आकडे समजावण्यासाठी घेतलेले आहेत, कोणत्याही रुग्णालयाचे नाहीत. समजा, नाशिकमधल्या एका बाह्यरुग्ण विभागात 30 रुग्ण घेतले. औषध सर्वांचे चालू आहे. बारा आठवडे, आठवड्यातून तीनदा, तासाभराचा योगवर्ग. मोजमाप नऊ प्रश्नांच्या पीएचक्यू-9 या प्रश्नावलीने. तिचे गुण 0 ते 27, आणि गुण जास्त तितके नैराश्य गहिरे. सुरुवातीची सरासरी 16. बारा आठवडे पूर्ण केले 21 जणांनी, आणि त्यांची सरासरी 9 वर आली. पोस्टरवर उतरता आलेख काढला जातो आणि शीर्षक ठरते : ‘योगामुळे नैराश्यात लक्षणीय घट’. आकडे खरे, आणि शीर्षक चुकीचे. का, ते पाहू.

पहिला प्रश्न, उरलेले नऊ जण कुठे गेले? वर्ग सोडणाऱ्यांत बरे वाटले म्हणून न आलेले असू शकतात, तसे अधिक खचल्यामुळे घराबाहेर न पडलेलेही असतात. सोडून गेलेल्यांची सुरुवातही 16 च होती आणि त्यांच्यात काहीच बदल झाला नाही असे कठोर गृहीत धरले, तर 21 जणांची सात-सात गुणांची घट 30 जणांत वाटली जाते आणि सरासरी घट 4.9 उरते. या प्रश्नावलीत साधारण पाच गुणांचा बदल रुग्णाच्या जगण्यात जाणवण्याइतका मानतात. म्हणजे दिमाखदार वाटणारी घट एका गृहीतकानिशी त्या रेषेच्या खाली उतरली. खरे उत्तर 7 आणि 4.9 यांच्या मध्ये असेल, कदाचित त्याच्याही खाली, आणि हे अभ्यासाला ठाऊक नाही. ‘ठाऊक नाही’ हे पोस्टरवर लिहायचे असते.

दुसरा प्रश्न, योग नसता तर काय झाले असते? माणूस दवाखान्यात येतो तो आजार सर्वांत जास्त जाचत असताना. काही आठवड्यांनी त्याचे गुण उपचाराविनाही काहीसे उतरतात. सांख्यिकीत याला सरासरीकडे परतणे म्हणतात. त्यात भर औषधाची. नैराश्यविरोधी औषधाचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. रुग्णाचे औषध योगवर्गाच्या तोंडावरच सुरू झाले असेल किंवा मात्रा वाढवली असेल, तर बारा आठवड्यांतली सुधारणा औषधाची की योगाची हे कोणीच सांगू शकणार नाही. म्हणून मात्रा किमान आठ आठवडे स्थिर असलेलेच रुग्ण घ्यावेत, आणि मधे मात्रा बदललेल्यांची संख्या स्वतंत्र लिहावी. तुलनागटच नसेल तर ‘योगामुळे’ हा शब्द शीर्षकातून काढावा. ‘योगवर्गाच्या काळात’ एवढेच म्हणण्याचा अधिकार या अभ्यासाला आहे.

मग या अभ्यासाने काही शिकवलेच नाही का? पुष्कळ शिकवले. 30 पैकी 21 म्हणजे 70 टक्के टिकले. पण इतक्या थोड्या माणसांवरून खरे प्रमाण साधारण 52 ते 83 टक्क्यांच्या दरम्यान कुठेही असू शकते, आणि मोठ्या अभ्यासाची आखणी या दोन्ही टोकांना पुरेल अशी करावी लागते. गळतीची कारणे तर सोन्याच्या मोलाची. निफाड-दिंडोरीकडचे रुग्ण द्राक्षकाढणीच्या दिवसांत येऊ शकत नसतील, सकाळी सातचा वर्ग बायकांना घरच्या कामांमुळे जमत नसेल, एसटीचे भाडे आठवड्यातून तीनदा परवडत नसेल, तर पुढचा अभ्यास जानेवारीत सुरू करू नये, वर्ग दुपारी घ्यावा, दोन दिवस वर्गात आणि बाकी घरी अशी रचना करावी. कोणाचा गुडघा दुखला, कोणाला चक्कर आली, हेही नोंदवावे. काही नैराश्यविरोधी औषधांनी उठताना रक्तदाब उतरतो, त्यामुळे झटकन उभे राहण्याची आसने जपून द्यावी लागतात. ज्यांना पूर्वी उन्मादाचे झटके येऊन गेले आहेत त्यांना जलद श्वसनाचे प्रकार देऊ नयेत, कारण त्यातून उन्माद उसळल्याचे दाखले वैद्यकीय साहित्यात आहेत. प्रश्नावलीतला नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे. त्याला होकार आला तर त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञाने रुग्णाला भेटण्याची सोय होती का, हेही लिहावे. पथदर्शी अभ्यासाचे खरे फळ हे आहे, आणि उतरत्या आलेखाच्या आड ते बहुधा झाकले जाते.

या भूमिकेवर तीन आक्षेप येतात आणि तिन्ही विचारात घेण्याजोगे आहेत. पहिला असा, की योग शतकानुशतके चालत आला आहे, त्याला 30 रुग्णांच्या चाचणीची काय गरज? योगाच्या परंपरेला गरज नाही, हे मान्य. पण ‘औषधांच्या जोडीने, नैराश्याच्या रुग्णाला, बारा आठवड्यांत’ हा दावा परंपरेचा नाही, तो आपला आजचा दावा आहे. मोक्षमार्ग म्हणून योग सांगणाऱ्यावर पुराव्याचे ओझे नाही, मात्र औषधपत्रावर योग लिहून देणाऱ्यावर ते नक्की आहे. दुसरा आक्षेप असा, की आंधळी चाचणी गोळ्यांना जमते, योगाला नाही. आपण योग करतो आहोत हे रुग्णाला कळणारच. हेही खरे. पण त्यामुळे तुलना अशक्य होत नाही. आरोग्यशिक्षणाचा वर्ग, चालण्याचा गट, प्रतीक्षायादी असे पर्याय आहेत, आणि गुण मोजणाऱ्याला रुग्ण कोणत्या गटातला हे न सांगणे तर कुठल्याही रुग्णालयात जमते.

तिसरा आक्षेप क्वचितच उघड बोलला जातो, आणि तोच सर्वांत प्रभावी आहे : मर्यादा मोकळेपणाने मांडल्या तर परीक्षक पोस्टर कच्चे समजतील. पदव्युत्तर विद्यार्थ्यावर पोस्टर मांडण्याचा दबाव असतो, आणि बक्षीस ठळक निष्कर्षाला मिळते असा समज असतो. ही ओढ फक्त विद्यार्थ्यांची नाही. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत, मुख्य मोजमापात ठोस फरक न सापडलेल्या 72 चाचण्या पाहिल्या गेल्या. त्यांपैकी 58 टक्क्यांच्या सारांशातला निष्कर्ष तरीही उपचाराकडे झुकवून लिहिलेला होता. योगाच्या क्षेत्रात वेगळी खूण दिसते. 2016 च्या एका आढाव्यात योगाच्या 306 चाचण्यांपैकी 91 टक्क्यांचा निष्कर्ष योगाच्या बाजूने होता. इतका एकसुरी होकार पाहिल्यावर योगावरचा विश्वास वाढण्याऐवजी चाचण्यांवरचा कमी व्हावा. ज्या क्षेत्रातून नकार जवळजवळ कधीच येत नाही, तिथला होकार ऐकणाऱ्याला काही नवे सांगत नाही. म्हणून मर्यादा झाकल्याने पोस्टर मजबूत होत नाही, आणि त्याच्या शेजारचे प्रामाणिक पोस्टरही अविश्वासार्ह ठरते.

हे आज आणि इथे मांडण्याला कारण आहे. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय 1998 पासून नाशिकमध्ये आहे. आधुनिक वैद्यक, आयुर्वेद, होमिओपॅथी, परिचर्या अशा निरनिराळ्या शाखांचे विद्यार्थी त्याच्या छत्राखाली शिकतात, आणि त्याच शहरात योगशिक्षकांची पिढ्यांची परंपरा आहे. मनोविकारतज्ज्ञ आणि योगशिक्षक एका शहरात असणे ही चांगल्या अभ्यासाची निम्मी तयारी आहे. उरलेली निम्मी शिस्तीची. भारतीय चाचणी नोंदवहीत, म्हणजे सीटीआरआयमध्ये, 1 एप्रिल 2018 पासून पहिला रुग्ण घेण्याआधीच नोंद करावी लागते. ही नोंद अडथळा वाटते, पण ती संशोधकाचेच रक्षण करते : काय मोजणार हे आधी लिहून ठेवले की नंतर सोयीचा आकडा निवडण्याचा मोह उरत नाही. पथदर्शी चाचण्या कशा मांडाव्यात यासाठी 2016 पासून आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकाही आहे, आणि तिचा गाभा हाच आहे की अशा चाचणीत परिणामकारकतेचा दावा करू नये, पुढच्या चाचणीकडे जायचे की नाही याचे निकष आधी ठरवावेत. आपल्या उदाहरणात तो निकष ‘किमान 70 टक्के टिकले तर पुढे, 50 च्या खाली गेले तर रचना बदला’ असा असू शकला असता.

या पुस्तकाचा प्रयत्न मर्यादित आहे. ते योगाची बाजू मांडत नाही आणि त्याच्या विरोधातही उभे नाही. वर घेतला तसा एक अभ्यास हाती धरून, रुग्ण निवडण्यापासून छापखान्यात पोस्टर देईपर्यंत, प्रत्येक निर्णयापाशी ‘यातून आपल्याला काय कळेल आणि काय कळणार नाही’ हा एकच प्रश्न ते विचारते. सांख्यिकीची सूत्रे त्यात लागतील तेवढीच आहेत. विद्यार्थी, योगशिक्षक आणि परिषदेतले परीक्षक हे त्याचे वाचक, आणि त्यांपैकी परीक्षकांकडून माझी अपेक्षा सर्वांत मोठी आहे, कारण ते ज्याला गुण देतील तेच पुढच्या वर्षी लिहिले जाईल.

पोस्टरच्या पलीकडे एक रुग्ण उभा असतो, हे शेवटी सांगायला हवे. ‘योगामुळे नैराश्यात लक्षणीय घट’ हे शीर्षक परिषदेतून वर्तमानपत्रात आणि तिथून घराघरांत पोचते, आणि वाटेत ‘पूरक’ हा शब्द गळून पडतो. मग कोणीतरी गोळ्या आपल्या मनाने बंद करतो, आणि आजार उलटतो. त्या माणसापर्यंत मर्यादांची चौकट पोचत नाही. ती पोचवण्याचे काम शीर्षक लिहिणाऱ्यानेच करायचे आहे. म्हणून हे पुस्तक वाचून जो कोणी पहिले पोस्टर तयार करील त्याला एवढीच विनंती : मर्यादांची चौकट सर्वांत आधी लिहा, मोठ्या अक्षरांत लिहा, आणि तिच्याशी विसंगत नसेल तेच शीर्षक द्या.